फळीवरची अन्नपूर्णा

वाटणीत घराण्याचे चांदीचे टाक थोरल्या जाऊबाईंकडे गेले. सासूबाईही त्यांच्याकडेच. त्यांचं हिंगोलीतलं सागवानी देवघर बघितलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ईशान्येच्या कोपऱ्यात नेमका संडास! मग त्याची भिंत टाळून स्वयंपाकघरात पूर्वेला एक फळी ठोकली. नवऱ्यानं तिथंच सासऱ्यांचा फोटो आणला. ‘गेलेल्या माणसाचा फोटो देवांत ठेवत न्हाईत,’ म्हणून मी तो बाहेरच्या खोलीत लावायला लावला. फळीवर गणपती, बाळकृष्ण, निरांजन आणि लग्नात आईनं दिलेली बोटभर अन्नपूर्णा. एवढाच माझा संसार.

जाऊबाई बघायला आल्या. हसा आता, मी मनात म्हटलं. त्या हसल्या नाहीत. अन्नपूर्णेकडेच बघत राहिल्या.

‘आमच्या देवघरात सासूबाईंची अन्नपूर्णा हाय,’ त्या म्हणाल्या. ‘एका देवाच्या दोन मूर्ती ठेवत न्हाईत. माझ्या आईनं दिलेली लग्नापासून कपाटात, डब्यात पडून हाय. तुझी बरी बसली गं देवांत.’

त्यांच्या आवाजातली धार मी लगेच ओळखली. इतकी वर्षं ती माझ्याच आवाजात होती.