शीर्षकात ‘भाग’ लिहू नये

होळीनंतरच्या सोमवारी सकाळी लोणखेड्याच्या एका शिवणवर्गाच्या चालक बाईंनी मला व्हॉट्सअॅपवर एका चिठ्ठीचा फोटो पाठवला. ब्लाउजचे कटिंग शिकवायला वापरतात त्या खाकी कागदावर, खडूने नव्हे तर निळ्या पेनाने, त्यांनी ती लिहिली होती. वर ठळक अक्षरांत होते : ‘व्हिडिओचे नाव आणि खालचा मजकूर कसा लिहायचा.’

बाईंचे शिवणकामाचे यूट्यूब चॅनल आहे. त्याच्या व्हिडिओंचे संपादन मी शहाद्यात घरी बसून करतो. त्याआधी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. बाई मला भाऊ म्हणतात, मी त्यांना ताई. मोबदला, वेळ, कामाची पद्धत, सगळे तोंडी ठरलेले. लेखी असे त्यांनी त्या दिवसापर्यंत काही दिले नव्हते.

चिठ्ठीचे कारण आदल्या दिवशीची एक कमेंट. धडगावच्या वरच्या एका पाड्यावरच्या बाईने ‘ब्लाउज भाग १४’ या व्हिडिओखाली शाळेतल्या मराठीत लिहिले होते : ‘ताई, मी तुमचे बघूनच शिकले. गावातल्या नवरीचे ब्लाउज पहिल्यांदा माझ्याकडे आले आहे. बाहीला झोळ येतो. कापड उरले नाही. झोळाचा व्हिडिओ कोणता? आमच्याकडे रेंज नाही, टेकडीवर येऊन बघावे लागते.’ लग्न त्याच आठवड्यात होते. ब्लाउज बिघडले तर गावातून दुसरे येणार नाही, हे तिने लिहिले नव्हते. ताईंनी ते मला फोनवर सांगितले.

झोळाची दुरुस्ती भाग १४ मध्येच होती, शेवटाकडे. ती ज्या व्हिडिओखाली विचारत होती त्याच व्हिडिओत. पण तो लांबलचक होता, आणि टेकडीवरची रेंज तिथवर पोचू देत नव्हती.

सगळ्या व्हिडिओंना ‘भाग’ हे नाव ताईंनीच दिलेले. वर्गात मुली पहिल्या दिवसापासून येतात. आज बगलेचा मुंढा, उद्या बाही, परवा गळा. चौदावा दिवस म्हटले की वर्गातल्या प्रत्येकीला कळते. चॅनलवर पहिल्या दिवसापासून कोणीच येत नाही, हे त्या कमेंटने दाखवले. ताईंनी तिला लगेच उत्तर लिहिले, किती मिनिटांपासून पाहायचे तेही कळवले. पलीकडून काही आले नाही.

चिठ्ठीतला मजकूर असा होता, लेखन त्यांचेच :

‘नावात भाग लिहू नये. आधी कपड्याचे नाव, मग अडचण किंवा साइज, मग काय केले ते. फोनवर नावाची सुरुवातच दिसते, म्हणून कामाचा शब्द पुढे. बाई दुकानात जसे बोलते तसे लिहावे. झोळ म्हणते तर झोळच. सोपे हा शब्द कुठेच नको. जिचे बिघडले तिला सोपे वाचून रडू येते. छत्तीस साइज कापले असेल तर छत्तीसच लिहावे, सर्व साइज लिहू नये. जे व्हिडिओत नाही ते नावात नाही. खालच्या मजकुरात पहिल्यांदा नमस्कार मैत्रिणींनो, मग कोणत्या मिनिटाला काय ते.’

दुपारी मी लॅपटॉप घेऊन लोणखेड्याला गेलो. वर्ग सुरू होता. ताईंनी मशीनवरून मान वर करून अहिराणीत विचारले.

“वाचं का भाऊ?”

“वाचलं. एक सोडून सगळं मान्य.”

“कोणतं?”

“नमस्कार. खालच्या मजकुराच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, पुढचं ‘आणखी’वर दाबल्यावर. त्या दोन ओळी नमस्कारात जातील.”

“मंग मी नमस्कार कराऊच नही का? लोक म्हणतीन, मास्तरीण शिष्ट शे.”

“शेवटी करा.”

मागच्या मशीनवरून एक मुलगी म्हणाली, “ताई, जावाना टाइमले बी नमस्कार करतसच ना.” वर्ग हसला. ताईंनी पेन मागवले आणि खाकी कागदावरची ती ओळ खोडून खाली नेली.

मग भाग १४. जुना व्हिडिओ तसाच ठेवून झोळापुरता तुकडा वेगळा टाकायचा, हे ताईंनी सुचवले. तेवढा तुकडा लहान होता आणि टेकडीवरही चालला असता. मी तो तिथेच कापला. त्यात ताई सांगतात : बाहीची पुढची कडा मागच्यापेक्षा थोडी जास्त खोलगट कापलेली असते. डावी बाही उजवीकडे लागली की ही खोलगट बाजू मागे जाते आणि खांद्यापाशी झोळ पडतो. बाह्या उसवायच्या, पुढच्या बाजूला खडूची खूण करायची, अदलाबदल करून पुन्हा बसवायच्या. नवे कापड लागत नाही.

नाव मी सवयीने टाइप केले : ‘बाही बसवताना बहुतेक महिला करतात ही एक चूक!’

ताई पाठीमागून वाचत होत्या.

“हाई कोणले सांगी ऱ्हायना तू?”

“बघणाऱ्यांना. उत्सुकता वाटली तर उघडतात.”

“तिनं ब्लाउज बिघडेल शे. तिले उत्सुकता नही, घोर शे. आनि चूक म्हनीसन तिले बोलावाले तू काय तिनी सासू शे का?”

“मग प्रश्न टाकू? ‘बाहीला झोळ येतो?’”

“इचारू नको रे. तिनं इचारं ना आधीच. आते तू सांग.”

मुलींनी मशीन थांबवल्या होत्या. एकीने ‘पफ’ हा शब्द टाकायला सांगितले, कारण लोक तो शोधतात. बाही पफची नव्हती. ताईंनी खाकी कागदावरच्या ‘जे व्हिडिओत नाही’ या ओळीवर बोट ठेवले. ती पुन्हा शिवायला लागली.

नाव ठरले : ‘ब्लाउजच्या बाहीला खांद्यापाशी झोळ – डावी-उजवी बाही बदलली असेल तर दुरुस्ती’. खालच्या मजकुराची पहिली ओळ : ‘नवीन कापड लागत नाही.’ ही ओळ माझी. ताईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “हाई मी लिखाले पाहिजे व्हती.” त्याखाली वेळा : शून्य मिनिटाला झोळ कसा ओळखायचा, मग उसवणे, मग खूण, मग बसवणे. पहिली वेळ शून्यापासून दिली नाही तर यूट्यूब व्हिडिओचे प्रकरणांत भाग पाडत नाही, हे मी सांगितले. ताईंनी तेही कागदावर चढवले. शेवटी नमस्कार.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी प्रसिद्ध झाला. मंगळवारी मी बाकीच्या ‘भागां’ची नावे बदलायला घेतली. ताई दर दोन-चार नावांनंतर फोन करत आणि विचारत, “तिनी काही कमेंट?” नव्हती. बुधवारी त्यांनी वर्गात कोणाचे धडगावकडे नाते आहे का, अशी चौकशी केली. कोणाचे नव्हते. त्या दिवशी कटिंग शिकवताना त्यांनी गळा चुकीचा आखला आणि मुलींनी तो दाखवून दिला.

गुरुवारी सकाळी नव्या व्हिडिओखाली कमेंट आली : ‘बाहीला झोळ असे बोलून शोधले, हाच पहिला आला. कापड लागत नाही वाचून उसवायची हिंमत झाली. बाह्या बदलल्या. बसल्या. तुमचे आधीचे उत्तर आता दिसले.’

मी फोन केला तेव्हा ताईंनी ती आधीच वाचलेली होती. वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती. त्यांनी खाली उत्तर लिहिले : ‘खांद्याला आतून एक टाका जास्त दे. नाचताना उसवतो.’

लग्न शुक्रवारी झाले. रविवारी तिची दुसरी कमेंट आली : ‘नवरी रात्रभर नाचली. टाका दिला होता.’