झाकण काढल्यावरचा पाव

अण्णा, म्हणजे माझे वडील, वळसंगहून आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर राहायला आले तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेली होती. ते दिवसभर गप्प बसून असत.

त्या दुपारी मी बिडाच्या जड भांड्यात पाव भाजत होते. आदल्या खेपेला मी घाईने झाकण उघडलं, वाफ निघून गेली आणि पाव बसकाच राहिला. या वेळी रिकामं भांडं झाकणासकट ओव्हनमध्ये अडीचशे अंशांवर पाऊण तास तापवलं, मग फुगलेला गोळा आत सोडून झाकण लावलं.

"उघडून बघायचं न्हाय व्हय?" अण्णांनी विचारलं.

"इतक्यात नाही. पिठातलीच वाफ आत कोंडली की वरचं साल मऊ राहतं, पाव वर येतो."

पंचवीस मिनिटांनी झाकण काढलं, आच थोडी कमी केली. उघड्यावर साल सुकत, तांबूस होत गेलं. मग पाव बाहेर काढून जाळीवर ठेवला आणि तो हलकेच तडतडू लागला.

अण्णांनी कान जवळ नेला. "उन्हात तुरीच्या शेंगा तडकत्यात की गं!"

ते बोलत राहिले. वळसंगच्या शेतातल्या खळ्याबद्दल, माझ्या आईच्या डोक्यावरच्या पदराबद्दल, वाऱ्यावर उडणाऱ्या भुशाबद्दल. मी डोळे मिटले आणि मलाही ते दिसू लागलं. पाव पूर्ण निवेपर्यंत आम्ही दोघं त्या शेतात होतो.