वर्गातलं शेंडेफळ

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत मी दुसरीला शिकवत होते. दिवाळीआधीची चाचणी झाली की कच्च्या मुलांची यादी करायची आणि त्यांना दाराजवळच्या बसकरपट्टीवर एकत्र बसवायचं, ही माझी वीस वर्षांची पद्धत. पोर हुशार आहे की ढ, हे मला आठवड्यात कळतं, असा माझा तोरा होता.

त्या वर्षी यादीत नऊ जण होते. त्यांची माहिती संगणकावर भरताना जन्मतारखा एकाखाली एक आल्या आणि माझा हात थांबला. ऑक्टोबर, डिसेंबर, नोव्हेंबर, पुन्हा डिसेंबर. नवांपैकी सात जण वर्षाच्या शेवटाकडचे. मग माझ्या हुशार मुलांच्या तारखा काढल्या, तर बहुतेक जानेवारी ते एप्रिल. पहिलीत घ्यायचं तर एकतीस डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे जानेवारीतलं पोर आणि डिसेंबरातलं पोर एकाच वर्गात येतं. सात वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे काय थोडे झाले? तसा नोव्हेंबरातला एक जण घडाघडा वाचायचा आणि यादीतली एक मुलगी जानेवारीतली होती, म्हणजे सगळंच वयावर ढकलता येत नव्हतं. पण उरलेल्यांना मी मोठ्यांच्या मापानं मोजून वर ढ म्हणत होते. माझी मलाच लाज वाटली.

त्या सातांतल्या एका मुलीचे आईवडील ऊसतोडीला निघाले होते. पोरगी ढ आहे, असं मी त्यांना आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, तेही तिच्यासमोर. ते ऐकून त्यांनी ठरवलं की थोरला शिकतोय, तो चुलतीकडे राहील आणि हिला तान्ह्या भावाला सांभाळायला सोबत न्यायचं.

शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या घरी गेले. ट्रॅक्टरमध्ये सामान चढत होतं.

"तुमची पोरगी ढ नाही," मी म्हणाले. "ती सव्वीस डिसेंबरची आहे, वर्गात सगळ्यांत धाकटी. तिला थोडा वेळ लागेल, एवढंच. माझं चुकलं."

आईनं गाठोडं खाली ठेवलं. "मागून लावलेला कांदा मागूनच निघतो की, बाई. त्याला कोन वाईट म्हनतं?"

"मी म्हटलं," मी म्हणाले.

बाप सामानाची दोरी बांधत होता. हात थांबवून म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे हिला बी चुलतीकडं."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात कडेवर भावाला घेऊन उभी असलेली ती बापाला म्हणाली, "न्हाई दादा, मी येते. बाळाला सांभाळायचं मला येतं. वाचायचं न्हाई येत. मी ढ हाय, बाई म्हनल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. स्वतःचं नाव सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

बापानं माझ्याकडे बघितलं. "आता हिला बी तुमीच सांगा, बाई."

मी तिच्यापुढे मातीत बसले. ती माझ्याकडे न बघता बाळाचं नाक पुसत राहिली.