झालंच समजा

शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबच्या सहायकाला मुलं ‘झालंच’ म्हणायची. तोंडावर काका, पाठीमागे झालंच. नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. प्रिंटर अडकला, माऊस मेला, पडदा काळा झाला, काही झालं तरी यांचं उत्तर एकच: “झालंच समजा.” मग काम झालं की सांगायचं. होईपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही.

ही खोड घरातही होती, आणि घरात ती महाग पडे. आधीच्या संस्थेतली नोकरी गेली तेव्हा ते डबा घेऊन रोज वेळेवर बाहेर पडत राहिले. नवी मिळाल्यावरच बायकोला सांगितलं. तिच्या घशाच्या गाठीचा रिपोर्ट त्यांनी आधी स्वतः आणला, वाचला आणि एक रात्र उशीखाली ठेवला. “उगाच काळजी नको म्हणून,” ते म्हणाले. ती म्हणाली, “काळजी माझी, आणि झोप तुमची उडाली. काय मिळवलंत?”

हे तिचं शेवटच्या काही महिन्यांतलं बोलणं. नंतर ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी सुचवलं होतं की रोजची वाक्यं स्वतःच्या आवाजात साठवून ठेवा. झालंचनी त्यासाठी एक क्रोमबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, घेतलं, आणि ती स्वयंपाकघराचं दार लावून वाक्यं रेकॉर्ड करत बसायची. ‘आलेच हं.’ ‘चहा टाकू का?’ ‘पंखा कमी करा.’ ‘ताई, जेवलीस का?’ ही ताई म्हणजे तिची बहीण. एका वाक्यात ती मध्येच हसली होती, तेही तसंच राहिलं. ऑपरेशननंतर पाटीवर लिहून ती कंटाळायची, पण क्रोमबुकवर बोट ठेवलं की घरात पुन्हा तिचा आवाज फिरायचा. फोनवर बहिणीशी ती तशीच बोलायची.

ही सगळी वाक्यं मशीनच्या आतच, डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये होती. लॅबमध्ये मुलांच्या कानीकपाळी ओरडणारा हा माणूस, ‘नेटवरच्या ड्राइव्हवर ठेवा, दुसरी प्रत काढा,’ म्हणून घसा कोरडा करणारा, स्वतःच्या घरी मात्र ‘नेट नीट आलं की चढवू’ म्हणत बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका सकाळी ती तपासणीसाठी बहिणीबरोबर दवाखान्यात गेली. झालंच शाळेला निघण्याआधी चार्जिंग बघायला म्हणून क्रोमबुक उघडायला गेले. पडद्यावर पांढऱ्या पाटीत संदेश होता: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही किंवा बिघडली आहे, जोडलेली उपकरणं काढा आणि रिकव्हरी सुरू करा. खाली मॉडेलचं नाव.

लॅबमध्ये हा संदेश त्यांनी कितीदा पाहिला होता. त्यांनी माऊस काढला, बंद करून चालू केलं. रिफ्रेश आणि पॉवर एकत्र दाबून पाहिलं. संदेश हलायला तयार नव्हता. राहिला एकच उपाय, रिकव्हरी, म्हणजे पेनड्राइव्हवरून सिस्टिम नव्याने घालणं, आणि त्यात डाउनलोड्स पुसलं जातं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आतला मजकूर कुलूपबंद असतो, तो बाहेर काढता येत नाही, हेही ठाऊक होतं.

तेव्हा तिला एक निरोप पाठवायला काय हरकत होती? पण स्वभावाला औषध नसतं. आधी मशीन उठवू, मग बघू, कदाचित काही राहीलही, असं खोटं स्वतःलाच सांगत त्यांनी कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. लॅबमधले जुने पेनड्राइव्ह त्यात असत. त्यांच्या लेखी डब्यातला प्रत्येक ड्राइव्ह पुसायला मोकळा, नियमच तो. वरचाच उचलला. त्यावर नेलपॉलिशचा ठिपका होता. लॅबमधल्या मुलींपैकी कुणी खेळली असेल, असं त्यांना वाटलं.

लॅबमध्ये जाऊन त्यांनी ब्राउझरमध्ये रिकव्हरीचं साधन उघडलं, मॉडेलचं नाव घातलं, पेनड्राइव्ह खोचला. यावरचा सर्व मजकूर पुसला जाईल, अशी सूचना आली. असल्या सूचना वाचायच्या त्यांनी कधीच सोडून दिल्या होत्या. पुढे जा. फाइल उतरली, तपासली गेली, ड्राइव्हवर लिहिली गेली. माध्यम तयार आहे, असं पडद्यावर आलं. शेजारच्या शिक्षिकेने विचारलं, “काका, काही विशेष?”

“नाही. झालंच समजा.”

दुपारी घरी आले तेव्हा बायको परतली होती आणि क्रोमबुकसमोर बसली होती. आता लपवायला जागा नव्हती. त्यांनी पेनड्राइव्ह खिशात धरूनच सगळं सांगितलं. “हे लावलं की मशीन चालू होईल. पण तुझी वाक्यं जातील. मी चढवायला हवी होती. माझ्याकडून राहिलं.”

ती रडेल, पाटी फेकेल असं त्यांना वाटलं होतं. पण तिने त्यांच्या हातावर थोपटलं, चक्क हसली आणि पाटीवर लिहिलं: ‘तुम्हीच म्हणता ना, दुसरी प्रत काढा. काढली आहे.’ मग उठून कपाटाकडे गेली. तिने बिस्किटांचा डबा काढला, पेनड्राइव्ह टेबलावर ओतले आणि एकेक उलटून बघू लागली. पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग लिहिलं: ‘तुमच्या डब्यात ठेवलं की हरवत नाही म्हणून इथे ठेवला होता. ठिपका लावलेला.’

झालंचचा हात खिशातच राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला आणि मूठ उघडली. ती ठिपक्याकडे बघत राहिली. काय झालं ते सांगावं लागलं नाही.

त्यांनी तो ड्राइव्ह पुन्हा लॅबमध्ये नेला, हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. ड्राइव्ह छोटा होता, नव्या फाइलने जवळजवळ सगळा भरला होता. हाती आले ते बिननावाचे तुकडे. एकही वाजला नाही. शिक्षिकेने परत विचारलं, तेव्हा ते ड्राइव्ह काढून घेऊन निघाले. सकाळी तिला एवढंच सांगितलं असतं की मशीन बंद पडलंय, तर तिने धावत येऊन तो डबा उघडला असता. हे त्यांच्या मनातून नंतर कधी गेलं नाही.

संध्याकाळी तिनेच क्रोमबुक पुढे सरकवलं. एस्केप, रिफ्रेश आणि पॉवर एकत्र दाबून त्यांनी तो ड्राइव्ह खोचला. पट्टी सरकत राहिली, मग ड्राइव्ह काढायची सूचना आली, मशीन पुन्हा सुरू झालं. पहिल्या दिवसासारखं कोरं. तिच्या खात्यातून आत गेल्यावर नेटवरच्या ड्राइव्हमधले बहिणीकडचे फोटो परत आले. डाउनलोड्समध्ये काही नव्हतं.

त्यांनी टाइप केलेलं वाचून दाखवणारं एक पान तिला उघडून दिलं आणि बाजूला उभे राहिले. तिने सावकाश अक्षरं जुळवली आणि बटण दाबलं. कुणा अनोळखी बाईच्या सपाट आवाजात मशीन म्हणालं:

“अहो, आता तरी आधी सांगत जा.”

“हो,” ते म्हणाले. तिने बटण पुन्हा दाबलं, आणि त्या परक्या बाईने तेच परत सांगितलं.