किंवा शून्य

‘जितके बदल, तितकी मुळं!’ चोवीस वर्षं बाईंनी हे घोकून घेतलं. बहुपदीच्या सहगुणकांची चिन्हं ओळीने बघायची, अधिकाचं उणे किंवा उण्याचं अधिक किती वेळा होतं ते मोजायचं. तितकी धन मुळं, म्हणजे बहुपदीला शून्य करणाऱ्या x च्या धन किमती. x च्या जागी −x घालून पुन्हा मोजलं की ऋण मुळं. मुलं त्यांना ‘बदलबाई’ म्हणत. नाव त्यांना आवडायचं, पण तसं कबूल कोण करतो!

धाकट्या बहिणीला त्यांनी स्वतः शिकवलं होतं. तिने एकदा वहीत लिहिलं, ‘दोन किंवा शून्य’. बाईंनी शेवटचे दोन शब्द खोडले आणि ठणकावलं, “गणितात ‘किंवा’ चालत नाही.” पुढे तिने गणितच सोडलं.

आणि आज फेरतपासणीच्या खोलीत मुख्य परीक्षकांनी एक उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे सरकवली. मुलीला तेहतीस गुण, पास व्हायला पस्तीस हवेत. बहुपदी होती x³ − x² + x + 3. मुलीने लिहिलं होतं: धन मुळं दोन किंवा शून्य, ऋण मूळ एक. वर बाईंचीच लाल फुली, दोन गुण कापलेले.

“बदल दोन आहेत,” बाई ठामपणे म्हणाल्या. “म्हणजे धन मुळं दोन. यात किंवा कसलं?”

“x + 1 ने भागून बघा ना, बाई.”

बाईंनी हसतहसत भागलं. बाकी शून्य, म्हणजे −1 हे मूळ, ऋण, एकच. भागाकार आला x² − 2x + 3. विवेचक काढला: चार वजा बारा. उणे आठ.

हसू जागच्या जागी गोठलं. विवेचक ऋण, म्हणजे उरलेली दोन मुळं वास्तव नाहीतच! दोन बदल, आणि धन मूळ एकही नाही. त्यांनी पुन्हा भागलं. पुन्हा उणे आठ.

“बदलांइतकी, नाहीतर त्याहून दोनने, चारने कमी,” परीक्षक हळूच म्हणाले. “नियम असा आहे. एकच बदल असला तर मात्र मूळ नक्की एक.”

चोवीस वर्षं निवडून निवडून सगळी मुळं वास्तव असलेलीच उदाहरणं फळ्यावर घातली होती त्यांनी. नियम कधी अडलाच नाही, मग चुकला हे कळणार कसं? फुली खोडून बाईंनी दोन गुण दिले. पस्तीस. मग गठ्ठ्यातल्या बाकीच्या पत्रिका काढायला घेतल्या. अशा आणखी नऊ निघाल्या.

जिन्यात येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं. “तुझं बरोबर होतं गं. मीच चुकले.”



“ताई,” बहीण म्हणाली, “मग मी गणित कशाला सोडलं गं?”