दुखणं कोणाकडचं?

आमच्या घरात कोणाचं काही दुखलं की त्याचं मूळ माझ्या माहेरी सापडतं. पोरगी आठ वर्षांची झाली आणि दर पंधरा-वीस दिवसांनी तिचं पोट दुखू लागलं, तेव्हा सासूबाई लगेच म्हणाल्या, "तुह्या मायच्या घरचं असंन." पुढं त्यांना ती नाटकंच वाटू लागली. कारण पोरगी पांढरीफटक व्हायची, ओकायची, दार लोटून अंधारात पडायची आणि दोन तास झोपून उठली की भाकर मागायची!

एकदा तिनं मलाच विचारलं, "आई, मी खरंच नाटक करतो का वं?" पोरीचा स्वतःवरचा भरवसाच चालला होता. दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्याला घेऊन जऊळक्याहून वाशीमला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी पोट पाह्यलं, डोळे तपासले, तिला सरळ रेषेत चालवलं. मग विचारलं, "घरात कोणाला अर्धशिशी?"

"नाही," नवरा म्हणाला.

"हाये ना," पोरगी म्हणाली. "बाबा डोक्याले गमछा बांधून सोयाबीनच्या खोलीत झोपतेत. ओकतेत बी. अन् म्हनतेत, ऊन लागलं."

मी नवऱ्याकडे पाहतच राहिले. बारा वर्षं संसार केला, ऊनच समजत आले! "सांगितलं काहून नाही?" तर म्हणे, "डोकं दुखते, हे का गड्यानं सांगाची गोष्ट हाये?" असा संताप आला की काय सांगू.

बाईंनी समजावलं. आईबापांपैकी एकाला अर्धशिशी असली तर लेकराला होण्याची शक्यता वाढते, पण होईलच असं नाही. वारशात येतो तो कल. जेवण चुकलं, झोप मोडली, ऊन झालं की तो उसळतो. लहानपणी कधीकधी डोक्याऐवजी पोटच दुखतं. कधी दुखलं, आधी काय खाल्लं, किती झोपली, हे वहीत लिहा. दुखण्यानं झोपेतून जाग आली, रोज सकाळी उलटी झाली किंवा चालताना तोल गेला, तर मात्र थांबू नका, लगेच या.

घरी आल्यावर नवरा अंगणातच आईला म्हणाला, "मा, ते माह्याकडून आलं. हिच्या माहेराले नाव नको ठेवू." मला तर नवऱ्याचा असा अभिमान वाटला की संताप अर्धा उतरला. उरलेला मी राखून ठेवला.

वही आता पोरगीच लिहिते. परवा नवरा पुन्हा गमछा बांधून पडला. शेजारचे काका आले, ओट्यावरून हाका मारू लागले, "काय नाटकं लावले रे? चाल वावरात!"

पोरगी दारात आडवी उभी राहिली.

"नाटक नाही काका. दुखून राह्यलं त्याइचं. मले बी दुखते, मले मालूम हाये. हळू बोला."