नऊ झाडं, आठ तंबू

आमचे निवृत्त हेडमास्तर पेपरातलं तंबू-झाडांचं कोडं पेनानेच सोडवतात. चौकटींच्या जाळ्यात प्रत्येक झाडाला लागून एक तंबू बसवायचा असतो. पेन्सिल म्हणे कच्च्या माणसांची. आज झाडं नऊ आणि तंबू आठच झाले. नवव्याला जागा उरेना, कारण तंबूला तिरक्या चौकटीतही दुसरा तंबू खेटून चालत नाही. चूक अर्थातच पेपरवाल्यांची! संपादकाला खरमरीत पत्र लिहून त्यांनी ते सुनेकडे पोस्टात टाकायला दिलं.

सुनेने कोडं पाहिलं. "बाबा, दोन झाडांमधला हा एकच तंबू तुम्ही दोघांच्या नावावर केलात. प्रत्येक झाडाला आपापला हवा. हा उचलून डाव्या झाडाच्या पलीकडे ठेवा, उजव्याच्या पलीकडे नववा बसतो."

मास्तरांनी चष्मा पुसून चौकटी पुन्हा मोजल्या.

"पत्र टाकलंस?"

"पिशवीतच आहे."

"आण इकडे. कोडं छान होतं, एवढं लिहायचं राहिलंय."